फोटो गुलाबी, कधी हिरवा: सॉफ्टवेअर मारायचं की कॅमेरा बदलायचा?

प्रश्न: मी गुहागरजवळ होमस्टे चालवते. मे महिन्यात फोन पडून मागच्या कॅमेऱ्याची काच फुटली, ती बदलून घेतली. पाऊस सुरू झाल्यापासून अंगणात काढलेले फोटो गुलाबी येतात, घरात मात्र बरे येतात. कधीकधी कॅमेरा उघडला की सगळी स्क्रीन हिरवी होते. एक दुकानवाला म्हणतो सॉफ्टवेअर मारू, दुसरा म्हणतो सेन्सर गेला. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, सध्या दोघांचंही राहू द्या. सॉफ्टवेअर मारायला तर फोन अजिबात देऊ नका, कारण मारलं की आतला डेटा बहुतेक वेळा साफ होतो आणि बॅकअप घेतलेला नसेल तर बुकिंगचे मेसेज, गिऱ्हाइकांचे नंबर, सगळं जातं, आणि गुलाबी रंग तसाच राहिला तर तेलही गेलं तूपही गेलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतंय की गुलाबी आणि हिरवं हे एका आजाराचे दोन रंग नाहीत, दोन वेगळे आजार आहेत. आणि दोन्हीचा निकाल तुम्ही घरबसल्या बराचसा लावू शकता, फोन न उघडता. मी रत्नागिरीत मोबाइल रिपेअरिंग करतो, कॅमेऱ्याची कामं बरीच येतात, पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता जरा जास्तच.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फोटो बिघडला की तो निळा नाही, पिवळा नाही, नेमका हिरवा नाहीतर गुलाबीच का होतो? सेन्सरवर प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत फिल्टर असतो, आणि चार ठिपक्यांच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी वाटणी असते. शिवाय हिरवा ठिपका मुळातच जास्त प्रकाश पकडतो. त्यामुळे सेन्सरमधून जे कच्चं चित्र निघतं ते हिरवटच असतं, चांगल्यातल्या चांगल्या फोनचंसुद्धा. मग फोनचं सॉफ्टवेअर लाल आणि निळ्याला साधारण दीडपट-दुप्पट वाढवतं आणि पांढरं पांढरं दिसायला लागतं, यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. ही वाढ कमी पडली की फोटो हिरवा. आणि जिथे नको तिथे झाली, किंवा वाढवायच्या आधीच आकडे चुकीचे आले, की लाल अधिक निळा म्हणजे गुलाबी-जांभळा. म्हणजे नुसता रंग बघून सॉफ्टवेअर की हार्डवेअर ते कळतच नाही, दोन्हीकडून तोच रंग येऊ शकतो. बघायचं असतं ते हे की रंग कशाच्या मागे मागे जातोय. लाइटच्या, ॲपच्या, एकाच लेन्सच्या, फोटोतल्या एकाच कोपऱ्याच्या की फोन हलवण्याच्या.

सुरुवातीची झाडलोट पटकन करून घ्या. फोटो दुसऱ्याच्या फोनवर पाठवून बघा आणि तुमच्या स्क्रीनवर गेल्या वर्षीचा एखादा चांगला फोटो उघडून बघा, जुना फोटोही गुलाबी दिसला तर कॅमेऱ्याला शिव्या द्यायचं कारण नाही, डिस्प्ले तपासा. डुप्लिकेट डिस्प्ले टाकलेल्या फोनचे लोक कॅमेरा बदलायला येतात, हे नेहमीचं आहे. लेन्सवर चिकटवायची प्रोटेक्टर काच असेल तर काढा. रात्री ट्यूबच्या समोर उलट्या बाजूला जे हिरवे ठिपके तरंगतात ते काचेतलं प्रतिबिंब असतं, तो फॉल्ट नाही, त्याच्या नादाला लागू नका.

मग ॲप. कॅमेऱ्याच्या ॲपचा डेटा साफ करा, Settings मध्ये Apps, त्यात Camera, Storage, आणि Clear data. फोटो जात नाहीत, फक्त कॅमेऱ्याची सेटिंग्ज मूळ जागी येतात. फोनमध्ये कोणी दुसऱ्या मॉडेलसाठी बनवलेला जीकॅम, म्हणजे गुगलचा कॅमेरा ॲप, टाकून दिला असेल तर त्याचे फोटो पुराव्यात धरूच नका, कारण त्यात सेन्सरची माहिती दुसऱ्याच फोनची भरलेली असू शकते. साधं उदाहरण, बऱ्याच सेन्सरमध्ये काळ्या रंगाचा आकडा शून्य नसतो, 1023 पर्यंतच्या मोजपट्टीवर 64 च्या आसपास असतो, आणि आधी तो वजा करून मग रंग वाढवायचे असतात. वजाबाकी कमी झाली की उरलेला आकडा लाल-निळ्यात दुप्पट होतो आणि सगळी सावली जांभळट होते, वजाबाकी जास्त झाली की सावली हिरवी. हार्डवेअर ठणठणीत, नुसतं गणित चुकलेलं. त्यामुळे फोनसोबत आलेला कॅमेरा आणि Open Camera नावाचं फुकट ॲप, या दोघांनी तोच फोटो काढून बघा. आणि अजून एक, फोटो काढायच्या आधी स्क्रीनवर चित्र बरोबर दिसतं आणि सेव्ह झाल्यावर एक-दोन सेकंदांनी गुलाबी होतं असं असेल तर सेन्सर सुटला, तो त्याचं काम करून मोकळा झालेला असतो, गडबड नंतरच्या प्रोसेसिंगची आहे.

आणि कुठली लेन्स ते. मेन, वाइड आणि सेल्फी अशा तिन्हींनी एकच वस्तू एकाच जागी काढा. तिन्ही एकदम खराब व्हायची शक्यता फार कमी, त्यामुळे तिन्हींत सारखाच रंग आला तर सॉफ्टवेअर, नाहीतर समोरचा लाइटच तसा. (काही फोनमध्ये फ्लॅशशेजारी प्रकाशाचा रंग मोजणारा वेगळा छोटा सेन्सर असतो, त्याच्यावर कव्हर किंवा चिखल आला की मागच्या सगळ्या लेन्सचा अंदाज एकदम चुकतो, तेवढं पुसून घ्या.) एकाच लेन्सला रंग असेल तर संशय त्या मॉड्यूलवर, म्हणजे लेन्स आणि सेन्सर एकत्र असलेल्या त्या कॅमेऱ्याच्या डबीवर. पण इथे एक खोच आहे. टेलिफोटो असलेल्या फोनमध्ये 2x किंवा 3x दाबलं म्हणजे टेलिफोटोच चालू झाली असं नाही, उजेड कमी असला की बरेच फोन गुपचूप मेन कॅमेराच वापरतात आणि चित्र कापून मोठं करून दाखवतात. बोटाने एकेक लेन्स झाकून बघा, जी झाकल्यावर स्क्रीन अंधारते ती चालू.

आता तुमचं अंगण. घरात बरे आणि बाहेर गुलाबी, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. बाहेरच्या गुलाबीसाठी माझ्या डोक्यात तीन संशयित येतात आणि तिघांना वेगळं करायला फार काही लागत नाही.

पहिला संशयित तर तुमचं अंगणच. आपल्याकडे घरं चिऱ्याची, गडगा चिऱ्याचा, अंगणाबाहेर तांबडी माती, आणि ऊन त्याच्यावर आपटून वर येतं ते तांबूस होऊनच येतं. डोळ्याला कळत नाही, डोळा जुळवून घेतो, पण कॅमेऱ्याला कळतं. याच्या उलट पोफळीच्या वाडीत किंवा हिरव्या शेडनेटखाली काढलेले फोटो हिरवट येतात आणि लोक फोनला दोष देतात. त्यामुळे पांढरा कागद घेऊन किनाऱ्यावर जा नाहीतर स्लॅबवर, जिथे आजूबाजूला लाल-हिरवं काही नाही, आणि तिथे फोटो काढा, शेजारी दुसऱ्या कुणाचा फोन घेऊन त्यानेही काढा. दोन्ही फोन सारखेच गुलाबी आले तर दोष प्रकाशाचा. ताटाचे फोटो काढत असाल तर कागदाऐवजी भाताकडे बघा, सोलकढी गुलाबी असायलाच हवी, पण भातही गुलाबी असेल तर मग काहीतरी आहे.

दुसरा संशयित म्हणजे जास्त उजेडाने पांढरे फटक पडलेले भाग. सेन्सरचा ठिपका भरला की भरला, त्याच्यावर आकडा जात नाही. उन्हातल्या पांढऱ्या शर्टावर लाल, हिरवा, निळा तिघंही शेवटच्या आकड्यावर अडकतात, मग सॉफ्टवेअर नेहमीसारखं लाल-निळ्याला दुप्पट करतं, आणि त्याच वेळी भरलेले भाग ओळखून पांढरे करायचं राहिलं की शर्ट, ढग, लाटेचा फेस गुलाबी होतो. हे शुद्ध सॉफ्टवेअर आहे, बहुतेक वेळा एखाद्या अपडेटनंतर किंवा एचडीआर, म्हणजे उजळ-अंधारे भाग एकाच फोटोत जुळवणारी सेटिंग, चालू असताना दिसतं. ओळखायचं कसं, तर गुलाबी फक्त अतिउजेडाच्या जागी असतो, झाडं, सावली, माणसांचे चेहरे नीट असतात. स्क्रीनवर बोट टेकवून ते सूर्याचं चिन्ह खाली ओढा, फोटो अंधारा करा, गुलाबी निघून गेला तर हाच. अपडेटची वाट बघा, तोवर एचडीआर बंद करून किंवा थोडं अंधारं करून फोटो काढा.

तिसरा संशयित आयआर फिल्टर, आणि तुमच्या बाबतीत माझा संशय याच्यावरच जास्त आहे. सेन्सरला आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशसुद्धा दिसतो. तो अडवायला लेन्स आणि सेन्सरच्या मधे एक पातळ काच असते, तिलाच आयआर कट फिल्टर म्हणतात. ती तडकली, सरकली, तिचा थर ओलाव्याने सुटला, किंवा मॉड्यूल बदलताना हलक्या प्रतीची काच असलेलं मॉड्यूल आलं, की इन्फ्रारेड आत शिरतो. तो लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही ठिपक्यांवर कमीजास्त पडतोच, मग लाल-निळ्याची वाढ त्याच्यावरही होते आणि चित्र गुलाबी-जांभळं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, पिवळ्या तारेच्या बल्बमध्ये भरपूर, चुलीच्या जाळात भरपूर. एलईडी बल्बमध्ये मात्र जवळजवळ नसतोच, जुन्या ट्यूबमध्येही थोडाच. म्हणून घरात बरे आणि अंगणात गुलाबी.

याची परीक्षा काळ्या छत्रीने करा. छत्रीचं कापड सिंथेटिक असतं, डोळ्याला काळंभोर पण इन्फ्रारेड मस्त परतवतं. उघडी छत्री अंगणात ठेवा आणि फोटो काढा. कापड मरून रंगाचं किंवा जांभळट आलं आणि मागे माडाची झापं, गवत फिकट, मळकट, हिरवेपणा उडाल्यासारखं दिसलं, कारण पानंही इन्फ्रारेड जोरात परतवतात, तर आयआर गळतोय. तीच छत्री घरात एलईडीखाली काळीच येईल. फार ढगाळ दिवशी हा फरक दबून जातो, जरा ऊन पडलं की करा. आणि वरच्या दुसऱ्या संशयितापेक्षा हे अगदी उलटं आहे बघा, तिथे पांढरं आणि उजळ ते गुलाबी होतं, इथे काळं कापड आणि हिरवी पानं आधी बिघडतात. दोन्ही बाहेरच दिसतात म्हणून दुकानात यांची गल्लत होते आणि मग एक म्हणतो सॉफ्टवेअर, एक म्हणतो सेन्सर.

पक्कं करायला टीव्हीचा रिमोट घ्या. अंधाऱ्या खोलीत रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करून बटण दाबा. चांगल्या मागच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसत नाही किंवा अगदी मंद दिसतो. सेल्फी कॅमेऱ्यात बऱ्याच फोनना तो ठळक दिसतो, कारण तिथला फिल्टर मुळातच कमी कडक असतो, त्यामुळे सेल्फी कॅमेऱ्यात दिसला म्हणून घाबरू नका. तुलना मागच्या कॅमेऱ्याची मागच्याशीच करायची, शक्यतो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनशी, आणि रिमोटही तोच ठेवायचा. तुमच्या मेन कॅमेऱ्यात तो टॉर्चसारखा लखलखला आणि वाइडमध्ये मंद असेल तर मेनचा फिल्टर गेलाय. याला कुठलंही सॉफ्टवेअर मारून उपयोग नाही. सेन्सर मात्र गेलेला नसतो, गेलेली असते सेन्सरसमोरची काच, पण ती सुटी बदलायचं काम आपल्याकडे कोणी करत नाही आणि करूही नये, आत धुळीचा एक कण गेला तरी प्रत्येक फोटोत डाग. मॉड्यूलच बदलायचं.

आता तुमची फक्त वरची काच बदलली की मॉड्यूलपण बदललं, ते त्या दुकानदाराला विचारा. वरची काच फुटली आणि तशीच काही दिवस वापरली असेल तरीही ओलावा आत गेलेला असू शकतो. आपल्याकडची हवा तुम्हाला सांगायला नको, जूनपासून घरातल्या चपलांनाही बुरशी येते. आणि काच बदलताना नुसती गमने चिकटवून दिली, खालचं सील नीट बसवलं नाही, की फोन कितीही वॉटरप्रूफ म्हणून घेतलेला असो, त्या जागी आता तो वॉटरप्रूफ नाही. तशीही ती रेटिंग गोड्या पाण्यात तपासलेली असतात, खारं पाणी त्यात धरलेलंच नसतं.

आता एक केस सांगतो, कारण मॉड्यूल बदलायचा निर्णय घेतलात तर पुढे हाच खड्डा आहे. पावस गावचे एक बागायतदार आले होते, हापूसच्या पेट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकून ऑर्डर घेतात. तक्रार अशी की पेटीच्या मधले आंबे हिरवट आणि कडेचे गुलाबीसर. "गिऱ्हाईक विचारतंय, काय वो, हापूस सांगून तोतापुरी गळ्यात मारताय काय!" फोन आधी एका दुकानात फोकस होत नाही म्हणून गेलेला, तिथे मेन कॅमेरा बदललेला. नंतर रंगाची तक्रार घेऊन दुसरीकडे गेले तर तिथे सॉफ्टवेअर मारलं, सगळे जुने फोटो गेले आणि रंग जसाच्या तसा.

मी आधी पांढरा कागद घेतला. दुकानाच्या बाहेर सावलीत, उन्हात नाही, कागद लेन्सच्या अगदी जवळ, फोकस नसला तरी चालतो, पूर्ण फ्रेम कागदाने भरायची. फोटोत मधोमध हिरवट गोल, चारही कोपरे गुलाबी, आणि उजव्या बाजूचे कोपरे जरा जास्तच. मग फोन अर्धा गोल फिरवून, म्हणजे वरची बाजू खाली करून परत फोटो. प्रकाशाचा दोष असता तर जास्त गुलाबी बाजू जागेवर राहिली असती, म्हणजे फोनच्या हिशेबाने बदलली असती. ती फोनसोबत फिरली. म्हणजे रंग फोनच्या आत आहे. मग तो फोटो Snapseed मध्ये उघडला, White Balance मधला ड्रॉपर घेतला आणि मधल्या हिरवट भागावर टेकवला. मधला भाग पांढरा झाला पण कोपरे अजूनच गुलाबी. कोपऱ्यावर टेकवला तर कोपरे पांढरे आणि मध्य गडद हिरवा. ही परीक्षा मला फार आवडते, कारण सॉफ्टवेअरचा साधा व्हाइट बॅलन्स चुकलेला असेल तर रंग फ्रेमभर सारखा असतो आणि ड्रॉपरच्या एका टेकीत सगळं चित्र सुधारतं. जागेला चिकटलेला रंग तसा सुधारत नाही.

हे का होतं? कोपऱ्यावर प्रकाश तिरका पडतो, आणि तो आयआर फिल्टरमधून तिरका गेला की थोडा लाल रंग कापला जातो. म्हणून प्रत्येक सेन्सरचं मध्य आणि कोपरे मुळात वेगळ्या रंगाचे असतात, चांगल्या फोनचेसुद्धा. कंपनी फॅक्टरीत प्रत्येक मॉड्यूल मोजते आणि कुठे किती भरपाई करायची ते आकडे साधारण त्याच मॉड्यूलच्या छोट्या मेमरी चिपमध्ये लिहून ठेवते, फोन ते वाचून भरपाई करतो. डुप्लिकेट मॉड्यूलची लेन्स वेगळी, फिल्टर वेगळा, आणि चिपमध्ये आकडे दुसऱ्याच कुठल्यातरी मॉड्यूलचे कॉपी केलेले. मग फोन जिथे गरज नाही तिथे लाल वाढवतो. फोकस छान, शार्पनेसही बरा, रंग मात्र चकतीसारखा. यात सेन्सर बिघडलेला नाही आणि फोनचं सॉफ्टवेअरही बिघडलेलं नाही, दोघांची सोयरीक जुळलेली नाही इतकंच.

एक सावधगिरी, ही कोपऱ्यांची परीक्षा साध्या फोटोवरच करा, RAW वर, म्हणजे सेन्सरमधून निघालेल्या कच्च्या फाइलवर नको. RAW फाइलमध्ये कोपऱ्यांची भरपाई झालेली नसते, काही ॲप ती उघडताना करतात, काही करत नाहीत, त्यामुळे धडधाकट फोनचेही कोपरे त्यात रंगीत दिसू शकतात आणि उगाच मॉड्यूल बदललं जातं. RAW चा उपयोग सगळी फ्रेम सारखीच हिरवी येते तेव्हा. तीच फ्रेम RAW मध्ये काढून ड्रॉपर टेकवला आणि झकास झाली, तर सेन्सर ठीक आहे.

पावसवाल्यांना मी त्याच मॉडेलच्या, बोर्ड मेलेल्या फोनमधलं ओरिजिनल मॉड्यूल मिळवून दिलं. पाठ चिकटवायच्या आधीच ते नुसतं कनेक्टरला लावून परत तोच कागद, तीच सावली, फोटो काढला, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा. मगच पाठ बंद केली. तुम्हीही दुकानदाराला हेच सांगा, पाठ चिकटवायच्या आधी मला पांढऱ्या कागदाचा आणि उन्हात काळ्या छत्रीचा फोटो काढून दाखव. कागदाने कोपरे कळतात, छत्रीने फिल्टर कळतो. डुप्लिकेट मॉड्यूल दुकानातल्या एलईडीखाली छान दिसतं, आणि घरी अंगणात आल्यावर तुम्ही परत होतात तिथेच.

आता कॅमेरा उघडल्यावर हिरवी होणारी स्क्रीन. फोनमध्ये चित्र साठवताना उजेड वेगळा आणि रंग वेगळा ठेवतात, आणि रंग नाही यासाठीचा आकडा शून्य नसून 128 असतो. त्यामुळे कॅमेऱ्याकडून काहीच माहिती आली नाही आणि मेमरीची जागा शून्यांनी भरलेली राहिली, तर स्क्रीन काळी न होता सपाट गडद हिरवी होते. म्हणजे हिरवी स्क्रीन म्हणजे सेन्सरला हिरवं दिसतंय असं नाही, तो काही बोलतच नाहीये, किंवा बोलतोय पण ऐकू येत नाहीये. कारण ॲपचा बग असू शकतो किंवा मॉड्यूलची पट्टी बोर्डाला जिथे लागते तो कनेक्टर.

वेगळं करायचं असं. हिरवं फक्त एकाच ॲपमध्ये, समजा व्हॉट्सॲपच्या कॅमेऱ्यात किंवा फक्त व्हिडिओतच होत असेल, आणि फोन रीस्टार्ट केला की बरेच दिवस गायब होत असेल, तर ॲप. फोन Safe mode मध्ये चालू करून बघा, त्यात नंतर टाकलेली ॲप बंद राहतात, तिथे हिरवं आलंच नाही तर एखादं ॲप कॅमेरा अडवून बसलंय. सॅमसंग असेल तर डायलरवर `*#0*#` आणि शाओमी असेल तर `*#*#6484#*#*` दाबा, कंपनीचा टेस्ट मेनू उघडतो, त्यात कॅमेऱ्याची टेस्ट असते आणि ती नेहमीच्या ॲपवर अवलंबून नसते. तिथेही हिरवं आलं तर कनेक्टरकडे बोट दाखवायला हरकत नाही. त्यातून हिरव्यासोबत गुलाबी रेघा, कापल्यासारख्या आडव्या पट्ट्या, चित्र अडकणं, कॅमेऱ्याच्या जागी पाठ हलकी दाबली की बदलणं, सकाळी ओल असताना जास्त आणि फोन गरम झाल्यावर कमी, यातलं काही असेल तर मग नक्कीच. जोरात दाबू मात्र नका.

किनाऱ्यावरच्या फोनमध्ये हा कनेक्टर हमखास सापडतो. मिरकरवाडा जेटीवर काम करणाऱ्यांचे फोन उघडले की पिनांवर पांढरा-हिरवट थर दिसतो, खाऱ्या ओलाव्याने धरलेला गंज. सेन्सरमधून चित्र फार वेगाने बारीक बारीक तारांच्या जोड्यांतून येतं, एका पिनेवर थर आला तरी माहिती अर्धवट पोचते, मग कधी चित्र, कधी हिरवं. याचं काम छोटं आहे. पाठ उघडायची, बॅटरीची पट्टी आधी सोडवायची, कॅमेऱ्याचा कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी साफ करायचा, पूर्ण सुकू द्यायचा, भिंगाखाली पिना बघायच्या, परत लावायचा. थर खाली बोर्डात उतरला असेल तर मात्र पट्टी साफ करून भागत नाही. घरी फोन तांदळात पुरू नका, पिनेवरचं मीठ तांदूळ खात नाही, आणि उन्हात वाळत घालून बॅटरीची वाट लागते ती वेगळीच.

सेन्सर खरंच गेलाय हे तरी कधी म्हणायचं? त्याची खूण अंधारात दिसते. लेन्सवर काळी चिकटपट्टी लावा, बोट नको, बोटातून लाल उजेड आरपार येतो आणि तुम्ही उगाच लाल फोटो बघून घाबराल. प्रो मोडमध्ये आयएसओ 1600 आणि शटर 1 सेकंद ठेवून फोटो काढा. मग दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवून फोन गरम होऊ द्या आणि तसाच फोटो परत काढा. थोडे रंगीत कण दोन्हीत दिसतील, ते चालतं. पण गरम झाल्यावर एका कडेने जांभळी झाक पसरत आत आली किंवा सगळी काळी फ्रेम जांभळी झाली, तर गळती सेन्सरच्या ठिपक्यांतच आहे. 2013 साली एचटीसी वन या फोनची जांभळ्या फोटोंची तक्रार जगभर गाजली होती, तीही अशीच कमी उजेडात दिसायची. तुमच्या फोनला घरातल्या उजेडात त्रास नाही, त्यामुळे हा प्रकार तुमच्याकडे असेल असं मला वाटत नाही.

तर क्रम असा ठेवा. जरा ऊन पडलं की छत्री, मग रात्री रिमोट, मग टेस्ट मेनू. छत्री मरून रंगाची आली आणि रिमोट लखलखला तर ओरिजिनल मॉड्यूल शोधायला सांगा, आणि पाठ उघडणारच आहे तर त्याच वेळी कनेक्टर साफ करून घ्या, दोनदा उघडू देऊ नका, प्रत्येक वेळी सील कमकुवत होतं. छत्री काळी आली आणि फक्त पांढरं-उजळ गुलाबी असेल तर फोन उघडूच नका, एचडीआर बंद करून अपडेट येईपर्यंत काम चालवा. आणि मॉड्यूल बदलायचं ठरलं तर पाठीचं सील नवीन टाकायला सांगा, जुन्यावरच गम लावून देतात, आणि पाऊस अजून संपलेला नाही. फोनचं मॉडेल आणि छत्रीचा फोटो इथे टाकलात तर बघून सांगतो, फक्त फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि कोपऱ्यांचं काही कळत नाही.